पाच वर्षं झाली, तरी नात्याला नाव नाही: गप्प बसणाऱ्याच्या मनातलं कसं ओळखायचं

प्रश्न: आम्ही पाच वर्षं एकत्र आहोत, त्यातली दोन एकाच घरात. मी ३१ ची, तो ३३ चा. भांडणं फारशी होत नाहीत. तो काळजी घेतो, मी आजारी पडले तर रात्र जागून काढतो. पण लग्नाचा विषय काढला की "चांगलं चाललंय ना, मग घाई कसली" म्हणतो, नाहीतर सरळ गप्प होतो. मागच्या महिन्यात त्याच्या ऑफिसमधल्या लोकांशी ओळख करून देताना त्याने माझं फक्त नाव सांगितलं, मी त्याची कोण हे सांगितलंच नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, "नात्याला लेबल लावलं की ते बिघडतं." त्याच्या मनात नेमकं काय आहे हे ओळखायचं कसं? आणि मी अजून किती थांबू?

उत्तर: तो दोन गोष्टी टाळतोय आणि तुम्ही दोघंही त्यांना एकच धरून चालला आहात. लग्न ही एक गोष्ट, नात्याचं नाव ही दुसरी. गेली एकोणीस वर्षं मी जोडप्यांचं समुपदेशन करते आणि पहिल्याच भेटीत या दोन गोष्टी वेगळ्या करून घेते, कारण त्यांचं वजन सारखं नसतं.

लग्न नको म्हणण्यामागे पक्का विचार असू शकतो. कुणी आईवडिलांचा संसार मोडताना पाहिलेला असतो, कुणी स्वतः एकदा घटस्फोटातून गेलेलं असतं, कुणाला लग्नसंस्थाच मान्य नसते. अशी माणसं लग्नाला स्पष्ट नाही म्हणतात आणि तितक्याच स्पष्टपणे चारचौघांत "ही माझी जोडीदार" असंही सांगतात. नाव सांगायला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत. त्याने एवढंच होतं की हा माणूस मोकळा नाही हे इतरांना कळतं. म्हणून लग्नाबद्दल गप्प बसणाऱ्यापेक्षा, इतक्या वर्षांनंतरही नाव टाळणाऱ्याकडे मी जास्त बारकाईने बघते. तुमच्या पत्रात मला ऑफिसमधला तो प्रसंग "घाई कसली"पेक्षा महत्त्वाचा वाटला तो यामुळेच.

याला एक खरा अपवाद आहे. काहींना नाव उघड झाल्याची जबर किंमत मोजावी लागते. घरून हिंसेची भीती असते, जोडपं समलिंगी असतं आणि आजूबाजूचे लोक ते सहन करणार नसतात, किंवा दोघं एकाच ऑफिसात वरिष्ठ-कनिष्ठ असतात. पण तिथे नाव काही ठरावीक लोकांपासूनच लपवलं जातं, आणि कोणापासून व का हे दोघांनाही माहीत असतं. जवळच्या दोन मित्रांसमोर, बंद दाराआड, एकमेकांशी बोलताना ते नाव घेतलं जातंच. तुमच्या बाबतीत आधी हेच तपासा: तो नाव काही जणांसमोर टाळतो, की कुणाहीसमोर घेत नाही?

आता "काळजी घेतो" याबद्दल. यावर जरा थांबायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

स्कॉट स्टॅनली आणि हॉवर्ड मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये बांधिलकीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. पहिला भाग म्हणजे मनापासूनची निवड: मला याच माणसासोबत पुढे जायचंय आणि त्यासाठी मी काही सोडायलाही तयार आहे. दुसरा म्हणजे अडकणं: घर एकत्र आहे, सामान एकत्र आहे, मित्र एकच आहेत, आता वेगळं होणं कटकटीचं आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीत माणूस संध्याकाळी त्याच घरी परततो. पुढे २००६ मध्ये स्टॅनली, मार्कमन आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी असं मांडलं की बरीच जोडपी एकत्र राहायचं ठरवत नाहीत, ती हळूहळू तिकडे घसरत जातात. आधी दात घासायचा ब्रश येतो, मग कपडे येतात, मग कुणाचा तरी भाडेकरार संपतो. घसरत गेलेल्या नात्यात अडकणं वाढत राहतं, निवड मात्र होतेच असं नाही. आणि एकाची निवड झाली असली तरी दुसऱ्याचीही झाली आहे, असं मानायला काहीच आधार नसतो.

तेव्हा "दोन वर्षं माझ्यासोबत राहतोय म्हणजे गंभीर असणारच" हा निष्कर्ष कच्चा आहे. रात्र जागून काढणं हीसुद्धा माया आहे आणि ती खरी आहे. पण माया असते आणि निवड नसते, असंही होतं. त्याला ढोंग म्हणता येणार नाही. बरेचसे टाळणारे लोक प्रेमळच असतात. तसे नसते तर तुम्ही पाच वर्षं थांबलाच नसतात.

मग निवड आहे की नाही हे ओळखायचं कसं? माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. इथे मागे लागलेला तो होता आणि टाळणारी ती. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण टाळणारा पुरुषच असतो हा समज मला वर्षानुवर्षं खोडावा लागतोय. तो ३६ चा, ती ३४ ची. सात वर्षांचं नातं, तीन वर्षं एका घरात. तिची पित्ताशयाची छोटी शस्त्रक्रिया होती. दवाखान्याच्या फॉर्मवर "जवळची व्यक्ती" या रकान्यात तिने मैत्रिणीचं नाव आणि नंबर लिहिला. तो शेजारीच तिची बॅग धरून उभा होता. तेव्हा तो काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून घर डोक्यावर घेतलं आणि मग एकटाच माझ्याकडे आला.

त्याला मी एक कागद घ्यायला सांगितला. डाव्या बाजूला तिने त्याला निवडलं म्हणून घडलेल्या गोष्टी, उजव्या बाजूला सोयीमुळे किंवा अडकल्यामुळे घडलेल्या. त्याने भराभर चौदा गोष्टी डावीकडे लिहिल्या, उजवीकडे एकही नाही. मग आम्ही एकेक ओळ घेऊन एकच प्रश्न विचारला: हे ठरवून झालं, की होत गेलं? एकत्र राहणं डावीकडे होतं. पण ते कसं झालं? तिच्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण दुसरीकडे गेली आणि त्याच महिन्यात याचा भाडेकरार संपला. "आपण एकत्र राहू या" हे वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. ओळ उजवीकडे गेली. घरखर्चाचं सामायिक खातं सोयीसाठी होतं, तेही उजवीकडे. कुत्रा आणायची कल्पना याची होती, तिने फक्त विरोध केला नव्हता. तोही उजवीकडे गेला, बिचारा.

शेवटी डावीकडे दोनच गोष्टी उरल्या, पण त्या भारी होत्या. याचे वडील अतिदक्षता विभागात असताना ती महत्त्वाचं प्रशिक्षण अर्धवट सोडून परत आली होती. आणि दुसऱ्या शहरातली बढती तिने नाकारली होती. हे तिने याला सांगितलंही नव्हतं, वर्षभराने तिच्या सहकाऱ्याकडून कळलं. निवडीची खूण मी अशा ठिकाणी शोधते. माणसाने स्वतःचं काहीतरी सोडलं का, आणि त्याचं श्रेय न मागता सोडलं का? वाढदिवसाची भेट, सहलीचे फोटो, "तुझ्याशिवाय करमत नाही" हे सगळं गोड असतं, पण त्याची त्या माणसाला काही किंमत पडत नाही.

तुम्ही हा कागद एकटीनेच लिहा, त्याला दाखवू नका. डावीकडे काहीच उरलं नाही तरी लगेच निर्णय घेऊ नका, पण ते मनात नोंदवून ठेवा. काही उरलं, तर पुढचं बोलणं करून बघण्यात अर्थ आहे.

या जोडप्याची खरी अडचण मात्र कागदावर नव्हती, ती त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीत होती. मी त्याला मागच्या वर्षभरात विषय किती वेळा निघाला ते आठवायला सांगितलं. नऊ वेळा. त्यातल्या सहा वेळा रात्री अकरानंतर, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण आल्यावर. तो सरळ कधीच विचारत नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार: "चला, याचाही नंबर लागला. आपला बहुतेक पुढच्या जन्मी." ती गप्प. तो आवाज चढवणार. ती आंघोळीला नाहीतर फोनमध्ये. सकाळी त्यालाच अपराधी वाटणार आणि तोच माफी मागणार. यातून ती काय शिकली? वादळ दोन दिवसांत ओसरतं, आणि तोवर गप्प बसणं पुरेसं असतं. हे तिला त्यानेच शिकवलं होतं, नऊ वेळा.

एक जण मागे लागतो आणि दुसरा मागे सरतो, या चक्राचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी अनेक वर्षं केला. मागे लागल्याने दुसरा सरकतो आणि तो सरकल्यामुळे पहिला आणखी मागे लागतो. ज्याला बदल हवा असतो तो सहसा मागे लागणारा होतो आणि ज्याला आहे ते बरं वाटतं तो सरकणारा. तुमच्यासाठी यातला कामाचा मुद्दा असा की हे चक्र चालू असेपर्यंत समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येत नाही. तो नकाराने गप्प आहे, भीतीने गप्प आहे की नुसता भांडणाला कंटाळलाय, हे बाहेरून एकसारखंच दिसतं.

त्यात भर म्हणजे द्विधा मनाचा स्वभाव. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडण्याबद्दल द्विधा असलेल्या लोकांसोबत काम करताना पाहिलं की समुपदेशक "सोड" या बाजूने जितका जोर लावतो तितका समोरचा "का सोडू नये" याची कारणं देतो, आणि स्वतःच्या तोंडून ती कारणं ऐकून त्याला ती आणखी पटत जातात. लग्नाच्या बाबतीतही हेच घडतं. समजा तुमच्या जोडीदाराचं अर्धं मन हो म्हणतंय आणि अर्धं नाही. तुम्ही "हो"ची बाजू इतकी जोरात लढवता की त्याच्या वाट्याला "नाही"चीच वकिली उरते. "लेबल लावलं की बिघडतं" हे वाक्य त्याने आधीपासून जपून ठेवलं होतं, की त्या रात्री कोपऱ्यात सापडल्यावर सुचलं? मला शंका दुसऱ्याची आहे.

म्हणून मी त्या मुलाला सहा आठवडे विषय पूर्ण बंद करायला सांगितला. टोमणे नाहीत, उसासे नाहीत, कुणाच्या लग्नाचे फोटो पुढे सरकवणं नाही. अबोला धरायचा नव्हता, बाकी सगळं नेहमीसारखं. हा डावपेच म्हणून केला तर लगेच उघडा पडतो. त्याचा उपयोग एवढाच की विषय निघाला की भांडण, ही जोडलेली गाठ जरा सैल होते. तिसऱ्या आठवड्यात तिनेच विचारलं, "तू हल्ली काही बोलत नाहीस?" तेव्हा तो म्हणाला, "बोलायचंय. पण नीट बसून, येत्या रविवारी सकाळी. चालेल?" यात नवं हे होतं की तिला वेळ आधी कळली आणि तिने ती मान्य केली. सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट आम्ही पाहिली नाही.

त्या रविवारसाठी आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या होत्या. पहिली, वेळ पाऊण तास. तो संपला की विषय थांबवायचा, मग तो कुठेही असो. टाळणाऱ्या माणसाला शेवट कधी हे माहीत असेल तर तो खोलीत टिकतो. दुसरी, सुरुवात स्वतःपासून, आणि तिच्यावरच्या आरोपाशिवाय. त्याचं वाक्य असं होतं: "मला तुझ्यासोबतच आयुष्य काढायचंय आणि ते लोकांना माहीत असावं असं मला वाटतं. दवाखान्यात फॉर्मवर माझं नाव नव्हतं, तेव्हा मी तुझा कुणीच नाही असं वाटलं. तुझ्या मनात काय आहे ते मला समजून घ्यायचंय, आज पटवून द्यायचं नाहीये." तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: तिचं बोलून झाल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही.

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

या उत्तरावर आत्तापर्यंत प्रत्येक वेळी स्फोट झाला होता. "सात वर्षांनी माहीत नाही?" हे वाक्य तुमच्याही जिभेवर तयार असेल. त्याने ते गिळलं आणि थांबला. त्याने मला नंतर सांगितलं की तो मनात आकडे मोजत होता आणि चाळीसच्या पुढे गेला होता. मग ती बोलायला लागली. तिच्या आईचे सगळे निर्णय लग्नानंतर दुसऱ्यांनी घेतले होते. शिवाय ती धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च उचलत होती आणि याला त्यातला अर्धाच आकडा माहीत होता. तिला वाटत होतं की "हा माझा" असं एकदा जाहीर केलं की याच्या घरच्यांना त्या पैशांबद्दल बोलायचा हक्क मिळेल. सात वर्षांत हे एकदाही निघालं नव्हतं, कारण ते निघायला लागणारी शांतता कधी मिळालीच नव्हती.

"माहीत नाही" हे दोन प्रकारचं असतं. एकाला जागा दिली की त्यातून एखादी ठोस गोष्ट बाहेर येते: कर्ज, आई, आजार, आधीचं लग्न, मूल होण्याची भीती. ती गोष्ट कधी कधी पटणार नाही अशी असते, पण तिला हात लावता येतो. दुसऱ्या प्रकाराला कितीही जागा द्या, ते धुक्यासारखंच राहतं. किंवा त्यातून कारण येतं, ते दूर होतं आणि त्या जागी नवं येतं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या जोडीदाराचं आधी नोकरी पक्की व्हायची होती. ती झाली. मग बहिणीचं लग्न व्हायचं होतं. तेही झालं. मग मोठं घर. मग "सध्या मनाची तयारी नाही". प्रत्येक कारण एकेकटं पाहिलं तर अगदी रास्त होतं. चारही एका ओळीत मांडल्यावरच दिसलं की हे भिजत घोंगडं वाळायला कुणी कधी टाकणारच नव्हतं.

हे ओळखायला एक प्रश्न पुरतो आणि तो शांतपणेच विचारायचा असतो: "समजा ही अडचण उद्या नाहीशी झाली, तर तुझं उत्तर काय असेल?" ज्याची अडचण खरी असते तो यावर विचार करतो आणि काहीतरी नेमकं सांगतो, नेमकं नाही सुद्धा सांगतो. ज्याची अडचण ही ढाल असते तो प्रश्नच उडवतो: "असं जर-तर काय बोलायचं?" वरच्या मुलीने बराच वेळ घेऊन सांगितलं, "तर नाव हो. सगळ्यांना सांगेन. लग्न मात्र तरीही नको वाटतंय." त्याला हे ऐकायचं नव्हतं. पण सात वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातात खरं उत्तर आलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किती थांबायचं. मुदत ठरवायला हवी, पण ती त्याला घातलेली अट म्हणून नाही. "तीन महिन्यांत लग्न, नाहीतर मी चालले" हे मी सुचवत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याच्या बाबतीत ते सुचवलं होतं. बॅग भरलेली, टॅक्सी दारात, आणि त्याने हो म्हटलं. लग्न झालं. चौदा महिन्यांनी दोघं परत माझ्यासमोर बसले होते आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "मला विचारलं कुणी होतं?" दाराशी निघालेला होकार हा बहुतेक वेळा निघून जाण्याला दिलेला नकार असतो. तो कसा ओळखायचा? होकारानंतर दोन आठवडे बघा. तो कुणाला आपणहून सांगतो का? तारखेचा, कामाचा, घराचा विषय एकदा तरी तो काढतो का? होकार देऊन पुन्हा सगळं तुमच्याच अंगावर पडलं असेल, तर तो होकार वेळ मारून नेण्यासाठीच होता.

मुदत तुमच्या स्वतःच्या निर्णयाची असते. मी साधारण तीन ते चार महिने सांगते, त्या बोलण्याच्या दिवसापासून मोजून. महिनाभर कमी पडतो, कारण द्विधा माणसाला ऐकलेलं पचवायलाच तेवढा वेळ लागतो. सहा महिन्यांच्या पुढे गेलं की तुम्ही दोघंही पुन्हा जुन्या सवयीत शिरता. ही माझ्या अनुभवातली मोजणी आहे, त्यामागे नियम नाही. त्याला ती सांगायची असेल तर धमकीचा सूर नको: "मला नाव असलेलं नातं हवंय आणि पुढे लग्नही हवंय. तुला ते नको असेल तर तू वाईट ठरत नाहीस, पण मग मला माझा रस्ता बघावा लागेल. अमुक तारखेला आपण पुन्हा बसू. तोवर मी विषय काढणार नाही." आणि मग खरंच काढायचा नाही. पहिल्या भांडणात "तारीख जवळ येतेय" म्हणालात की पुन्हा तेच चक्र सुरू.

या काळात तो काय बोलतो यापेक्षा न सांगता काय करतो ते बघा. मोठ्या गोष्टींची वाट पाहू नका. कुणाला तरी ओळख करून देताना तुमच्या नावाआधी दोन शब्द जोडले का, घरच्यांशी फोनवर बोलताना तुम्ही त्याच्या बोलण्यात आलात का, पुढच्या वर्षाबद्दल बोलताना "मी" म्हणाला की "आपण". आणि त्याने काहीच केलं नाही, तर तेही उत्तर आहे. पाच वर्षं गेली म्हणून सहावं द्यायचं, हा हिशेब मात्र मनातून काढा. गेलेली वर्षं तुम्ही राहिलात काय, गेलात काय, परत मिळणार नाहीत.

मूल हवं असेल तर मुदत ठरवताना ते मोकळेपणाने धरा. गर्भधारणेची शक्यता वयानुसार कमी होत जाते आणि पस्तिशीनंतर ती घट वेगाने होते. ३१ व्या वर्षी घबराटीचं कारण नाही, पण आणखी चार वर्षं "बघू" म्हणायची चैनही नाही. मूल हवं की नको हे त्याला वेगळं विचारा, लग्नाच्या विषयात मिसळू नका. मी अशी जोडपी पाहिली आहेत जिथे लग्नावरची टाळाटाळ मुळात मुलावरची होती.

दोन ठिकाणी मात्र मी सांगितलेलं काहीच करू नका. तुमच्या घरात मारहाण असेल, फोन तपासणं, पैसे किंवा बाहेर जाणं-येणं त्याच्या ताब्यात असेल, तर असं बोलणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी सुरक्षितपणे बाहेर पडायची तयारी आणि मदत. दुसरं, नाव टाळण्यासोबत जर त्याचं घर तुम्ही कधी पाहिलंच नसेल, ठरावीक वार ठरावीक वेळी फोन बंद असेल, सणासुदीला तो नेमका गायब होत असेल, तर हा द्विधा मनाचा प्रश्न नसू शकतो. दुसरीकडे एक नातं, कदाचित लग्नही, असू शकतं. तिथे मनात काय आहे हे शोधण्याआधी वस्तुस्थिती शोधा. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण ही खात्री तुमची तुम्हीच करून घ्यायची.

जोडप्याने मिळून समुपदेशकाकडे जावं का, हे बहुतेक जण विचारतात. नातं सुधारायची नेहमीची सत्रं दोघांनाही नातं हवंय असं धरून चालतात. एकाचं मनच ठरलेलं नसेल तर ती कुचकामी होतात: एक सुधारायला बसतो, दुसरा वेळ काढायला. कुटुंब समुपदेशक विल्यम डोहर्टी यांनी घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या विवाहित जोडप्यांसाठी एक छोटी पद्धत आणली. जास्तीत जास्त पाच भेटी, बराचसा वेळ दोघांशी वेगवेगळं बोलणं, आणि नातं दुरुस्त करण्याऐवजी पुढे काय करायचं एवढंच ठरवणं. ती अविवाहित जोडप्यांसाठी बनलेली नाही, पण तिची वेगवेगळं बोलण्याची कल्पना मी सर्रास वापरते. समुपदेशक शोधताना एवढं विचारा: "आमच्यापैकी एकाचं ठरलेलं नाही. तुम्ही आधी त्यावर काम कराल का?" उत्तर गोलमोल आलं तर पुढचं नाव बघा.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं, तर दुसऱ्या तारखेच्या आधीच तिने आईला फोन करून सांगितलं होतं, त्याच्यासमोर बसून. भावाच्या खर्चाचा पूर्ण हिशेब मांडला आणि तो तिचाच राहील हे दोघांनी लिहून ठेवलं. लग्नाला तिचं उत्तर नाहीच राहिलं. त्याने एक महिना स्वतंत्र विचार केला. त्यात त्याला उमगलं की त्याला लग्नाच्या कार्यापेक्षा त्या फॉर्मवरचा रकाना हवा होता. तो राहिला. त्याच्या जागी दुसरा कुणी गेला असता, आणि त्यालाही मी चूक म्हटलं नसतं. वर सांगितलेल्या चार कारणांवाल्याने त्या बाईंना ठरलेल्या तारखेला सांगितलं की लग्न करायचं नाही हे त्याला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत त्या वेगळ्या राहायला गेल्या.

तुम्ही या आठवड्यात विषय काढू नका. कागद घ्या, दोन बाजू करा आणि प्रत्येक ओळीसमोर ठरवून झालं की होत गेलं ते लिहा. ऑफिसचा प्रसंग अजून मनात ताजा आहे, म्हणून बोलण्याची वेळ किमान तीन आठवडे पुढची धरा, आणि ती रात्रीची नको.